बहीण-भावाच्या लग्नातला इंग्रजी टोस्ट, फक्त व्याकरण आणि स्पेलिंग तपासून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आमचं लग्नपत्रिकांचं छोटंसं डीटीपीचं दुकान आहे. कंपोज करायचं काम यजमानांचं, प्रूफ वाचायचं माझं. पत्रिका न्यायला आलेलं गिऱ्हाईक हल्ली जाताजाता मोबाइल पुढे करतं. "ताई, रिसेप्शनला इंग्रजीत चार शब्द बोलायचेत. बाकी काही बदलू नका, नुसत्या चुका काढा." असे बरेच टोस्ट आजवर वाचून झाले आणि प्रश्न तेच तेच येत राहिले, म्हणून हे एकदाच लिहून ठेवते. टोस्ट कानानं ऐकायचा असतो, त्यामुळे इथली इंग्रजी वाक्यं देवनागरीतच दिली आहेत. स्पेलिंगचा प्रश्न आला तिथे अक्षरं सांगितली आहेत.

आपल्याकडच्या लग्नात इंग्रजी टोस्ट कशाला?

मलाही आधी असंच वाटायचं. पण व्याही केरळचे किंवा बंगालचे असले, नवरदेवाच्या ऑफिसातली मंडळी बंगळुरूहून आली असली, तर दोन्हीकडच्यांना कळेल अशी भाषा इंग्रजीच उरते. सकाळी अक्षता मराठीत पडतात, संध्याकाळी रिसेप्शनला धाकटा भाऊ माइक घेतो. "रेज युअर ग्लासेस" म्हटल्यावर पाहुण्यांच्या हातात मठ्ठ्याचे ग्लास असतात, पण त्यात व्याकरणाची चूक काही नाही.

'फक्त चुका काढा' म्हटल्यावर तुम्ही नक्की काय बदलता?

माझी कसोटी साधी आहे. या शब्दावर बोट ठेवून "हा नियम मोडलाय" असं मला सांगता आलं तरच मी तो बदलते. "असं जास्त छान वाटेल" एवढंच म्हणता येत असेल तर हात लावत नाही. वाक्य लांब आहे, एकच विशेषण चारदा आलंय, विनोद जुना आहे, शेवट अचानक होतो, या सगळ्या गोष्टी तुमच्या. भाऊ जसा बोलतो तसाच तो माइकवर ऐकू यायला हवा. मी वाक्य 'सुंदर' करून दिलं तर तो ते अडखळत वाचेल आणि ते दुसऱ्याचं आहे हे पहिल्या रांगेतल्या मावशीलाही कळेल.

मधला पट्टा मात्र अवघड असतो. "शी इज लाइक दॅट ओन्ली" हे वाक्य घ्या. आपल्या 'ती तशीच आहे'मधला 'च' इथे 'ओन्ली' होऊन आलाय. इंग्रजीच्या पुस्तकात हे बसत नाही, पण भारतभर लोक असं बोलतात आणि केरळच्या पाहुण्यालाही ते कळतं. हे मी बदलत नाही. बाजूला पेन्सिलीनं एक टिंब देते आणि विचारते, "हे मुद्दाम आहे का?" बहुतेक वेळा मुद्दामच असतं. 'कझिन ब्रदर'चंही तसंच. नुसतं 'कझिन' पुरतं, पण आपल्याला चुलतभाऊ की चुलतबहीण हे सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

एखादा टोस्ट कसा तपासता ते दाखवाल का?

तासगावकडचा एक मुलगा बहिणीसाठी लिहून घेऊन आला होता. त्याची परवानगी घेऊनच सांगते. नावं काढली आहेत.

सुरुवात अशी होती: "मायसेल्फ ब्राइड्स यंगर ब्रदर." इथे दोन चुका आहेत. 'मायसेल्फ' हा वाक्याचा कर्ता होत नाही आणि वाक्यात क्रियापदच नाही. मराठीत 'मी नवरीचा धाकटा भाऊ' हे क्रियापदाशिवाय पुरं होतं, इंग्रजीत होत नाही. म्हणून "आय ॲम द ब्राइड्स यंगर ब्रदर." शिवाय त्यानं 'ब्राइड्स' लिहिताना ई आणि एस यांच्यामध्ये ॲपॉस्ट्रॉफी दिला नव्हता. कागदावर नवरीच्या ऐवजी पुष्कळ नवऱ्या झाल्या होत्या.

पुढे: "आय ॲम नोइंग ताई सिन्स ट्वेंटी सिक्स इयर्स." भाऊ सव्वीस वर्षांचा, म्हणजे हा विनोद. तो तसाच ठेवायचा. चूक दुसरीकडे आहे. आपण 'सव्वीस वर्षांपासून ओळखतो' आणि '2019 पासून ओळखतो' दोन्हीकडे 'पासून' वापरतो. इंग्रजीत किती काळ हे सांगताना 'फॉर' येतो आणि कधीपासून हे सांगताना 'सिन्स'. आणि तेव्हा सुरू होऊन आजही चालू आहे अशा गोष्टीला साधा वर्तमानकाळ चालत नाही, तिथे 'हॅव' लागतो. 'नो' या क्रियापदाला एरवीही आयएनजी लावत नाहीत. झालं ते "आय हॅव नोन ताई फॉर ट्वेंटी सिक्स इयर्स."

मग: "वन ऑफ माय बेस्ट मेमरी इज ऑफ आयर्विन ब्रिज." 'वन ऑफ'नंतर अनेकवचन हवं, कारण पुष्कळातली एक सांगायची आहे. 'मेमरी'चं 'मेमरीज' केलं. 'इज' तसाच राहिला, कारण कर्ता 'वन' आहे. इथे पुष्कळ जण 'मेमरीज' केल्यावर उत्साहाच्या भरात 'इज'चाही 'आर' करतात आणि नवी चूक घालतात.

"शी हॅड टॉट मी सायकलिंग देअर अँड आय फॉल थ्री टाइम्स." एकाच वाक्यात गोष्ट भूतकाळातून वर्तमानात आली. पडला तेव्हा पडला, म्हणून 'फेल'. 'हॅड' कसा गेला ते पुढच्या प्रश्नात सांगते. 'टॉट मी सायकलिंग'पेक्षा 'टॉट मी टू सायकल' जास्त सहज वाटतं, पण पहिलं चूक नाही, त्यामुळे तसंच ठेवलं. 'टॉट'चं स्पेलिंग मात्र त्यानं टी-एच-ओनं सुरू होणारं लिहिलं होतं. तो 'थॉट' झाला, म्हणजे विचार केला. शिकवलं या अर्थाचा शब्द टी-ए-यूनं सुरू होतो. आणि 'देअर' त्यानं टी-एच-ई-आय-आर असा लिहिला होता. तो 'त्यांचा' झाला. 'तिथे'साठी शेवटी आर-ई हवं.

त्यानंतर जे वाक्य होतं ते वाचून मी क्षणभर थांबले: "व्हेन फ्लड वॉटर केम इन 2019, शी हॅज कॅरीड माय सर्टिफिकेट्स टू द टेरेस, नॉट हर साडीज." ऑगस्ट 2019 चा पूर आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. बदलला तो एकच शब्द. काळ ठरलेला आहे, 2019 असं सांगितलंय, तेव्हा 'हॅज' जातो आणि "शी कॅरीड" उरतं. 'साडीज'चं स्पेलिंग एस-ए-आर-आय-एस आणि एस-ए-आर-ई-ई-एस असं दोन्ही चालतं, त्याचं राहू दिलं.

"शी ऑल्वेज गेव्ह मी मेनी ॲडव्हायसेस." सल्ला इंग्रजीत मोजत नाहीत. 'ॲडव्हाइस'ला अनेकवचन नाही आणि 'मेनी'ही चालत नाही. "अ लॉट ऑफ ॲडव्हाइस" केलं. सल्ला हे नाम असेल तर स्पेलिंग सी-ई, सल्ला देणे हे क्रियापद असेल तर एस-ई.

शेवटी: "नाउ शी इज मॅरीड विथ अ मॅन हू इट्स फिश अँड डोन्ट कम्प्लेन अबाउट हर पिठलं. प्लीज रेज अ टोस्ट फॉर देम." लग्न 'च्याशी' होतं म्हणून आपण 'विथ' घालतो, इंग्रजीत 'मॅरीड टू'. एकवचनी तृतीय पुरुषाला 'डोन्ट' नाही, 'डझन्ट'. टोस्ट कुणाला उद्देशून असेल तर रूढ प्रयोग 'टोस्ट टू' असा आहे. पिठलं पिठलंच राहिलं. त्याचं इंग्रजी करायला गेलं की ते बेसनाची कसलीतरी पेज होतं.

बाकी अर्ध्या पानाला मी हात लावला नाही. बदललेले शब्द मोजून पंधरा-वीस असतील. परत देताना त्याला वाटलं मी वाचलंच नाही.

माझ्या भाषणात प्रत्येक वाक्यात 'हॅड' येतो. तो चूक आहे का?

बहुतेक वेळा हो, आणि मराठी माणसाच्या इंग्रजीत मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. कारण आपल्याच भाषेत आहे. "मी काल मिरजेला गेलो होतो" असं आपण सहज म्हणतो. नंतर दुसरं काही घडलं असेलच असं नाही. झालेली गोष्ट सांगायची, की 'होतो', 'होती' लागतंच. त्याचं शब्दशः केलं की "आय हॅड गॉन टू मिरज यस्टरडे" होतं. इंग्रजी कानाला हे अर्धवट वाटतं. ऐकणारा वाट बघत राहतो, की त्यानंतर काय झालं?

इंग्रजीत 'हॅड' लागतो तो दोन भूतकाळांतल्या आधीच्या गोष्टीला. "बस सुटली होती, तेव्हा आम्ही स्टँडवर पोचलो" यात बस आधी सुटली, म्हणून "द बस हॅड लेफ्ट व्हेन वी रीच्ड द स्टँड." हा 'हॅड' मी काढणार नाही. काढला तर आम्ही पोचल्यावर बस सुटली असा अर्थ होईल. म्हणून प्रत्येक 'हॅड'पाशी स्वतःला विचारा, याच्यानंतर भूतकाळातलंच आणखी काही याच गोष्टीत घडलंय का? नसेल तर साधा भूतकाळ घाला. टोस्टमधल्या आठवणी बहुतेक साध्या भूतकाळातच बसतात.

मोबाइलनं एकही लाल रेघ दाखवली नाही. मग आणखी काय तपासायचं?

लाल रेघ येते ती शब्द कोशात नसला तर. दुसराच पण खरा शब्द पडला तर नेहमीच रेघ येईल असं नाही. एका बहिणीनं दादाबद्दल लिहिलं होतं, की लहानपणी मी त्याची गुप्त डेअरी शोधून वाचायची. डी-ए-आय. सांगली जिल्ह्यात डेअरी गुप्त ठेवणं अवघड आहे, पण मोबाइलला त्यात काही वावगं दिसलं नाही. हवी होती डी-आय-ए, रोजनिशीवाली डायरी. बोलताना ती बरोबरच 'डायरी' म्हणाली असती, पण पडद्यावर फोटोंखाली हीच ओळ दाखवायची होती.

अशीच काही नेहमीची मंडळी आहेत. 'क्वाएट' म्हणजे शांत, शेवटी ई-टी, आणि 'क्वाइट' म्हणजे बऱ्यापैकी, शेवटी टी-ई. "माय सिस्टर वॉज अ क्वाइट गर्ल" असं मी कितीदा वाचलंय. 'लूज'ला दोन ओ, तो सैल. हरवणं-गमावणं म्हणजे एका ओचा शब्द. 'दॅन' तुलनेचा ए-नं, 'देन' नंतरचा ई-नं.

उलट बाजूही आहे. सांगली, आत्या, हळद, बहिणीचं नाव, गावाचं नाव या सगळ्यांखाली लाल रेघ येते आणि त्या बरोबर असतात. घाईत सगळ्या सूचना मान्य करत सुटू नका. नावांचं स्पेलिंग मी कधीच आपण होऊन बदलत नाही. पत्रिका समोर ठेवते आणि जुळवून बघते. नवरदेवाचं आडनाव पत्रिकेत एक आणि टोस्टमध्ये दुसरं असेल तर विचारते, कारण चूक पत्रिकेतही असू शकते. तसं झालं तर दिवस वाईट जातो.

ताई, दादा, वहिनी, भाऊजी हे इंग्रजीत कसे लिहायचे?

तसेच लिहा. 'एल्डर सिस्टर' केलं की नातं पातळ होतं, आणि ते करणं माझं कामही नाही. नियम आहे तो मोठ्या अक्षराचा. नावासारखं वापरलं, "ताई टॉट मी", की टी मोठा. आधी 'माय' आलं, "माय ताई", की टी छोटा. इंग्रजीत 'मॉम' आणि 'माय मॉम' यांना जो नियम तोच इथे लावते. आणि हो, नणंद-भावजया एकाहून जास्त असतील तर एस 'सिस्टर'ला लागतो, 'लॉ'ला नाही: "सिस्टर्स इन लॉ".

कलर यू घालून की बिनयूचा?

दोन्ही बरोबर. शाळेत आपण यू घालून शिकलो. मोबाइल कधीकधी तो काढतो. एकाच पानावर 'फेव्हरिट' यू घालून आणि 'कलर' बिनयूचा असेल तेव्हाच मी एकीकडे आणते. ज्याची संख्या जास्त त्याच्याकडे.

ॲपॉस्ट्रॉफी माइकवर कुठे ऐकू येतो? मग तो कशाला तपासायचा?

ऐकू येत नाही, खरं आहे. तुम्ही स्वतः वाचणार आणि कागद नंतर खिशात जाणार असेल तर मीही त्यावर वेळ घालवत नाही. पण पुष्कळदा भावाला रडू येतं आणि कागद मित्राच्या हातात जातो. तो पहिल्यांदाच वाचत असतो. 'इट्स'मध्ये ॲपॉस्ट्रॉफी असला की तो 'इट इज' असं फोडून वाचू शकतो आणि वाक्य मधेच मोडतं. कुणी तोच मजकूर छापून फ्रेम करून देतात. फ्रेममधली चूक आयुष्यभर हॉलमध्ये राहते.

तुम्ही काय बदललं हे मला कसं कळणार?

वर्डची फाइल दिलीत तर मी `Track Changes` चालू करून काम करते. `Ctrl+Shift+E` दाबलं की ते सुरू होतं. काढलेला शब्द खोडलेला दिसतो, घातलेला रंगीत. नको असलेला बदल तुम्ही `Reject` करू शकता. गूगल डॉक असेल तर `Suggesting` मध्ये हेच होतं. व्हॉट्सॲपवर नुसता मजकूर पाठवला तर अडचण होते. सुधारलेला मजकूर परत आला की काय बदललं ते दिसत नाही आणि लोक जुनाच मेसेज उघडून वाचतात. असं दोनदा घडलंय. म्हणून व्हॉट्सॲपवाल्यांना मी प्रिंट काढून लाल पेनानं खुणा करून देते. तुमचा मूळ मजकूर मात्र पुसू नका.

एखादा विनोद सासरच्यांना लागेल असं वाटलं तर सांगता का?

विचारलंत तर सांगते. न विचारता नाही. एकच अपवाद करते, मजकूर स्वतःशीच जुळत नसेल तेव्हा. वरती 'पाच वर्षांची ओळख' आणि खाली 'कॉलेजात भेटले' असेल, आणि कॉलेज सुटून दहा वर्षं झाली असतील, तर समासात प्रश्नचिन्ह घालते. उत्तर तुम्ही द्यायचं. मी आकडा बदलत नाही.

किती वेळ लागतो?

तीन मिनिटांचा टोस्ट म्हणजे साधारण चारशे शब्द. मी तो तीनदा वाचते. एकदा मोठ्यानं, कारण गळलेला शब्द जिभेला अडतो. एकदा फक्त क्रियापदं बघत. आणि एकदा शेवटच्या वाक्यापासून वर येत, म्हणजे गोष्टीत गुंतायला होत नाही. सगळं मिळून अर्धा तास. लग्नसराईत आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत द्या. हळदीच्या रात्री अकराला पाठवलेला मजकूर मी वाचीन, पण तेव्हा माझ्याही डोळ्यांना डेअरी आणि डायरी सारखीच दिसते.

तपासून झाल्यावर एखादं वाक्य नवीन घातलं तर?

तेवढं वाक्य परत पाठवा. ओळ एकच असली तरी चालेल. तपासलेल्या टोस्टमध्ये उरलेली चूक जवळजवळ नेहमी तिथेच असते. तासगावच्या त्या मुलानं कार्यालयात पोचल्यावर आचाऱ्यांचे आणि मांडववाल्यांचे आभार मानायची ओळ पेनानं लिहिली. "आय थँक टू ऑल ऑफ यू" असं ती गेली. 'थँक'नंतर 'टू' नको होता. मी तिसऱ्या रांगेत होते. पण तोवर बुफेची झाकणं उघडली होती आणि लोक खुर्च्या सरकवत उठायला लागले होते.